सॉनिकचे दात नेमके कुठे खटकले?

30 एप्रिल 2019 रोजी पॅरामाउंटने 'सॉनिक द हेजहॉग' या सेगाच्या व्हिडिओ गेमवर बेतलेल्या चित्रपटाचा पहिला ट्रेलर आणला आणि काही तासांत जगभरातले लोक एकाच गोष्टीवर बोलू लागले: त्या निळ्या प्राण्याचे दात. दोनच दिवसांनी, 2 मे रोजी, दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी ट्विटरवर जाहीर केलं की लोकांचं म्हणणं पोचलं आहे आणि पात्राची रचना बदलली जाईल. त्याच महिन्यात प्रदर्शनाची तारीख 8 नोव्हेंबर 2019 वरून 14 फेब्रुवारी 2020 वर ढकलली गेली. नवा सॉनिक 12 नोव्हेंबरच्या ट्रेलरमध्ये दिसला आणि ओरड थांबली.

पात्ररचनेचं काम करणाऱ्यांसाठी असं प्रकरण फार दुर्मीळ आहे. एरवी एखादं पात्र भीतीदायक वाटलं तर ते का वाटलं याचा हिशेब लागत नाही, कारण पटकथा, आवाज, प्रकाश, नट, सगळंच एका वेळी समोर असतं. इथे नट तेच, आवाज तोच बेन श्वार्ट्झचा, मागची खरी रस्ते-घरं तीच. बदललं ते फक्त एका पात्राचं अंग. म्हणजे शैलीकरण किती करायचं, या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याला शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

पहिल्या रचनेमागे आळस नव्हता, उलट विचार होता. कार्यकारी निर्माता टिम मिलर यांनी 2018 च्या डिसेंबरमध्येच मुलाखतीत सांगितलं होतं की हा प्राणी खऱ्या जगातला वाटायला हवा, म्हणून त्याला केस असणं त्यांना सुरुवातीपासून गृहीतच होतं. केसांशिवाय तो उघडाच धावतोय असं वाटलं असतं. डोळ्यांच्या बाबतीत सेगा कंपनी पुरती खूश नाही, हेही त्यांनी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. खऱ्या माणसांच्या शेजारी उभं राहायचं तर थोडं खरं व्हायला हवं, हा तर्क ऐकायला बिनचूक वाटतो. माझ्याकडे येणारे ग्राहकही अगदी हेच म्हणतात: 'जरा रिअल करा ना.' गडबड 'खरं' या शब्दात नाही, नेमकं काय खरं करायचं यात आहे.

दोन तक्रारी, एकात मिसळलेल्या

ट्रेलरवर आलेल्या तक्रारी एकाच सुरात होत्या, पण त्या दोन जातीच्या होत्या आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पहिली तक्रार चाहत्यांची: हा आमचा सॉनिक नाही. 1991 पासून सेगाच्या खेळांत दिसणाऱ्या सॉनिकचे हातमोजे पांढरे, बूट लाल आणि त्यावर पांढरा पट्टा. चित्रपटातल्या पहिल्या सॉनिकला हातमोजेच नव्हते, हातांवर पांढरे केस होते आणि बूट बाजारात मिळणाऱ्या धावण्याच्या बुटांसारखे होते. ओळखीच्या पात्राचे कपडे बदलल्याचा राग, इतकंच ते होतं.

दुसरी तक्रार वेगळी. ती 'हे चुकीचं आहे' अशी नसून 'हे बघवत नाही' अशी होती. ती दात, डोळे आणि पाय या तीन जागांभोवती फिरत राहिली. आपला विषय ही दुसरी तक्रार आहे.

या दोन तक्रारी खरंच वेगळ्या आहेत, याचा एक पुरावा कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. खेळातल्या सॉनिकचे हात अंगासारखे निळे नसतात, फिकट त्वचेच्या रंगाचे असतात. चित्रपटात पहिल्या रचनेत ते निळे होते आणि दुसऱ्या रचनेतही निळेच राहिले. कट्टर चाहते त्यावरून आजही कुरकुरतात, पण निळे हात पाहून कुणाच्या अंगावर काटा आला नाही. म्हणजे मूळ चित्रापासून लांब जाणं हे अस्वस्थतेचं कारण नव्हतं. कारण दुसरीकडे होतं.

तीन जागा, जवळून

दातांपासून सुरू करू. व्यंगचित्रातल्या तोंडात दात असतात तेव्हा ते बहुतेक वेळा एक पांढरी पट्टी असते, दातांमधल्या रेषा नसतात. पहिल्या ट्रेलरमधल्या सॉनिकच्या तोंडात मात्र माणसाचे दात होते: सुटे, ओळीत बसलेले, समोरचे दोन थोडे मोठे आणि बाजूचे लहान होत जाणारे. त्यामागे ओलसर तोंड. तो हसला की आपली नजर तिथे जाते, कारण आपल्याला असे दात एकाच जागी बघायची सवय आहे, माणसाच्या चेहऱ्यावर. मग मेंदू बाकीचा चेहराही माणसाचा समजून वाचू लागतो आणि हातात येतो तो बिघडलेला माणूस.

डोळ्यांचं थोडं उलटं झालं. खेळातल्या सॉनिकचे दोन डोळे एकाच पांढऱ्या जागेत असतात, दोन हिरव्या बाहुल्या असलेला एक भलामोठा चष्मा असावा तसे. खऱ्या प्राण्यात हे शक्य नाही, म्हणून पहिल्या रचनेत डोळे सुटे केले, लहान केले आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोळ्यांइतके लांब नेले. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. पण डोकं अजून व्यंगचित्राचंच होतं: मोठं, गोल, मागे काटे असलेलं. मोठ्या डोक्यात बेताचे डोळे आले की चेहऱ्यावर रिकामी जागा फार उरते आणि डोळे कुणाच्या तरी चेहऱ्यावरून आणून बसवल्यासारखे दिसतात.

पायांचा किस्सा तर ट्रेलरच्याही आधीचा. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या हलत्या पोस्टरमध्ये सॉनिकची फक्त सावली होती आणि तरीही लोकांनी पायांची थट्टा केली. मांडी, पोटरी, गुडघा, सगळं धावपटूच्या पायासारखं. केस नाहीत, दात नाहीत, डोळे नाहीत, फक्त बाह्यरेषा, आणि तरी ती खटकली. अस्वस्थता पृष्ठभागावरच्या तपशिलात असते असं मानणाऱ्यांनी ती सावली पुन्हा पाहावी. ती आकारातच होती.

मोरींचा आलेख आणि त्याचा गैरसमज

'अनकॅनी व्हॅली' ही कल्पना मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाची. 1970 मध्ये 'एनर्जी' नावाच्या जपानी नियतकालिकात त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. वस्तू जसजशी माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटू लागते, पण हुबेहूबच्या अगदी अलीकडे आपुलकी एकदम कोसळते आणि दरी तयार होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं. दिसायला अगदी खरा, शिरा-नखांसकट, पण हातात घेतला की थंड आणि हाडं नसलेला. वस्तू हलू लागली की ही दरी आणखी खोल होते, असंही त्यांनी म्हटलं होतं. स्थिर चित्रात चालून गेलेलं पात्र हलताना का बिनसतं, याचं उत्तर तिथे आहे.

हा निबंध न वाचता त्याचा आलेख तेवढा पाहणारे लोक एक सोपा अर्थ काढतात: वास्तवाची एक पट्टी आहे, तिच्यावर शून्य ते शंभर आकडे आहेत आणि साधारण ऐंशी ते पंचाण्णव हा भाग टाळला की झालं. हा अर्थ सॉनिकला लावला तर काहीच उलगडत नाही. पहिला सॉनिक माणसाच्या जवळपासही नव्हता. निळा, काटेरी, लहान, शेपटीवाला. सरासरी काढली तर तो पट्टीच्या डाव्या टोकाला, अगदी सुरक्षित जागी बसेल. तरीही तो दरीत पडला. म्हणजे सरासरी काढणंच चूक आहे.

खरा उलगडा 2007 च्या एका प्रयोगात सापडतो. जपानमधल्या सेयामा आणि नागायामा या संशोधकांनी बाहुल्यांचे आणि संगणकावर केलेले चेहरे टप्प्याटप्प्याने खऱ्या माणसाच्या चेहऱ्यात बदलत नेले आणि प्रत्येक टप्पा किती बरा वाटतो ते लोकांना विचारलं. नुसत्या मधल्या टप्प्यांवर दरी फारशी दिसलीच नाही. मग त्यांनी डोळे दीडपट मोठे केले. बाहुलीच्या चेहऱ्यावर ते मोठे डोळे खपून गेले. खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तेच डोळे सर्वांत नकोसे वाटले. डोळे एका गतीने आणि चेहरा दुसऱ्या गतीने खरा करत नेला तेव्हाही दोघांतला फरक जिथे मोठा, तिथे नकोसेपणा मोठा.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. अर्धवट खरेपणा स्वतः त्रास देत नाही. एकाच चेहऱ्यातले दोन भाग वेगवेगळ्या प्रमाणात खरे असले की त्रास होतो. चेहऱ्याचा प्रत्येक भाग पाहणाऱ्याला सांगत असतो की तू मला कुठल्या नियमाने वाच. दातांनी एक नियम सांगितला, डोक्याने दुसरा, आणि पाहणाऱ्याला दोन्ही एकदम पाळता येईनात.

आपल्याकडे रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू आठवा. चेहरा बाहुलीचाच आहे, पण चालणं, वळणं, रोखून पाहणं माणसाचं. तिथे हा विसंवाद मुद्दाम ठेवला आहे आणि तो आजही मुलांना घाबरवतो. सॉनिकच्या बाबतीत तोच विसंवाद नको असताना आला होता.

दुरुस्ती: काय बदललं, काय बदलता येत नव्हतं

नव्या रचनेसाठी टायसन हेसी या चित्रकाराला आणलं गेलं. तो सॉनिकच्या कॉमिक्सवर आणि 'सॉनिक मॅनिया' या खेळाच्या सुरुवातीच्या चित्रफितीवर काम केलेला माणूस. सॉनिकची बाह्यरेषा त्याच्या हातात होती आणि निवड योग्य होती, कारण रोग बाह्यरेषेतच होता.

हात मात्र बांधलेले होते. नटांसोबतचं चित्रीकरण संपलेलं. जेम्स मार्सडनची नजर एका ठरावीक उंचीवर रोखलेली, त्यामुळे सॉनिकचा चेहरा त्याच उंचीवर यायला हवा. म्हणजे एकूण उंची जवळपास तीच ठेवून आतली मापं बदलायची. डोकं मोठं करायचं तर धड आणि पाय कमी करायचे, दुसरा मार्ग नाही. आणि एकदा हे केलं की जुनं ॲनिमेशन नव्या शरीरावर तसंच्या तसं चढत नाही. मोठ्या डोक्याच्या, आखूड हातांच्या पात्राचा हात स्वतःच्या डोक्याच्या माथ्यापर्यंत पोचत नाही. डोकं खाजवणं, कपाळावर हात मारणं, दोन्ही हातांनी डोकं धरणं, अशी साधी कृतीही पुन्हा बसवावी लागते. खांद्याचा रिग बदलतो, केस पुन्हा विंचरावे लागतात, प्रत्येक शॉटमध्ये सावली नव्याने पडते. बाहेरून पाहणाऱ्याला 'डोळे मोठे केले' एवढंच दिसतं.

प्रत्यक्षात झालं ते असं. डोळे बरेच मोठे झाले आणि एकमेकांच्या जवळ आले. ते खेळातल्यासारखे एकत्र मात्र केले नाहीत, मधे अरुंद जागा ठेवली. धड आखडलं, पाय बारीक आणि लहान झाले, मांडी-पोटरीचा उठाव गेला, पावलं म्हणजे बूट मोठे झाले. हातमोजे आले आणि त्यांनी नुसता चाहत्यांचा राग शांत केला नाही. केसाळ बोटं लपली आणि माणसाच्या हाताची शरीररचनाच चित्रातून गेली. दात पूर्ण काढले नाहीत, पण सुटे माणसाचे दात आता नजरेत भरत नाहीत. मागचे काटे मोठ्या, ठसठशीत जुडग्यांत आले.

मला यातला डोळ्यांचा निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो. चाहत्यांना खूश करायचं एवढंच मनात असतं तर एकसंध पांढरा डोळा आणला असता. पण पापण्या मिटताना, एका बाजूला बघताना, जवळून प्रकाश पडताना एकाच डोळ्याच्या खोबणीत दोन बाहुल्या कशा हलणार, हा प्रश्न त्रिमितीत लगेच उभा राहतो. मूळ चित्राशी इमान ठेवायचं म्हणून ते नवं विचित्रपण ओढवून घेतलं नाही, हे बरं झालं.

मग केस खरे कसे चालले?

इथे जाणकार वाचक अडेल, आणि अडायलाच हवं. भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत म्हणता, मग दुसऱ्या सॉनिकचा आकार व्यंगचित्राचा आणि अंगावरचे केस मात्र फोटोसारखे खरे, हे कसं चाललं?

2015 मध्ये एडुआर्ड झेल आणि सहकाऱ्यांनी याच विषयावर एक अभ्यास मांडला होता. त्यांनी एकाच चेहऱ्याचे आकार कमी-जास्त शैलीकृत केले आणि प्रत्येक आकारावर कमी-जास्त खरी त्वचा चढवली. निष्कर्ष असा की एखादा चेहरा किती खरा वाटतो हे मुख्यतः आकार ठरवतो, त्वचा नाही. व्यंगचित्राच्या आकारावर खूप खरी त्वचा चढवली की पात्र आवडेनासं होतं, कारण दोघांत मेळ नाही. आणखी एक कामाची गोष्ट त्यांच्या हाती लागली: त्वचेच्या रंगातले बारीक डाग-छिद्रं थोडी धूसर केली की चेहरा अधिक आवडतो.

त्या नियमाने दुसऱ्या सॉनिकलाही त्रास व्हायला हवा होता. पण इथे त्वचा नाही, केस आहेत, आणि हा फरक मोठा आहे. मोठं डोकं, मोठे डोळे, आखूड हात आणि खरे मऊ केस असलेली वस्तू आपण सगळ्यांनी हातात धरलेली आहे. ते मऊ खेळणं आहे. पाहणाऱ्याच्या मनात त्या जोडीसाठी आधीपासून एक खण आहे, म्हणून आकार आणि पृष्ठभाग भांडत नाहीत. हातमोज्यांचं कापड खरं, बुटांचा रबर खरा, हेही त्याच खणात बसतं. माणसाचे दात मात्र कुठल्याच खेळण्याला नसतात. माणसाची पोटरीही नसते.

म्हणून मी नियम असा धरतो: आकाराने ज्या जातीच्या वस्तूचं आश्वासन दिलं आहे, त्या जातीला जे जे खरोखर असू शकतं ते हवं तितकं खरं करा. बाकीचं करू नका. आणि प्रकाश मात्र पूर्ण खरा असू द्या, कारण प्रकाश पात्राचा नसतो, जागेचा असतो. जमिनीवर पायाची सावली नीट पडली नाही, खोलीतला पिवळा दिवा केसांवर दिसला नाही, तर पात्र चिकटवल्यासारखं दिसतं आणि तो दोष शैलीकरण वाढवून झाकता येत नाही.

योगायोग असा की त्याच वेळी 'डिटेक्टिव्ह पिकाचू' आला, मे 2019 मध्ये, खरे रस्ते, खरी माणसं आणि केसाळ पिकाचू. त्याची बाह्यरेषा जवळपास खेळातलीच ठेवली होती आणि वरून फक्त केस आणि प्रकाश खरे केले होते. लोकांना तो लगेच आवडला. दोन चित्रपट, एकच अडचण; एकाने आकार शाबूत ठेवून पृष्ठभाग खरा केला, दुसऱ्याने आकारालाच हात घातला.

आपल्या टेबलावर

या प्रकरणातून मी रोजच्या कामात एक सवय उचलली आहे. पात्र मंजुरीला नेण्याआधी मी त्याचे भाग वेगळे लिहून काढतो: डोक्याचा आणि शरीराचा आकार, डोळे, तोंड, हात, पृष्ठभाग, हालचाल, आवाज. प्रत्येकासमोर तो किती खरा आहे ते लिहितो, आकड्यात नाही, शब्दांत: खेळण्यासारखा, चित्रासारखा, माणसासारखा. बहुतेक ओळींत एकच शब्द येतो. जी ओळ वेगळी पडते तिथेच काम असतं.

मापं इथे मदत करतात. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची असते, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात आणि चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी. यातलं एक माप बदललं आणि बाकीची माणसाची ठेवली तर पात्र आजारी दिसतं. तीन-चार मापं मिळून, एकाच दिशेने आणि ठामपणे बदलली तर ते पात्र दिसतं. पाच डोक्यांचं शरीर ही मला सगळ्यात फसवी जागा वाटते, विशेषतः चेहरा मोठ्या माणसाचा असेल तर. एक तर तीन-साडेतीनवर या, नाहीतर वरच राहा.

दुसरी चाचणी हाताने करायची. पडद्यावर चित्र लावा आणि तोंड तळहाताने झाका. अस्वस्थता गेली तर दोष तोंडात आहे. नाही गेली तर डोळे झाका. पहिल्या सॉनिकच्या हसणाऱ्या फ्रेमवर करून पाहा: तोंड झाकलं की उरतो एक बावळट पण निरुपद्रवी प्राणी. डोळे झाकून तोंड उघडं ठेवलं की ते कुणा भलत्याचंच तोंड वाटतं. पायांसाठी संपूर्ण पात्र काळ्या रंगाने भरून फक्त सावली बघायची. केस आणि रंग मंजूर करून घेण्याआधी हे राखाडी मातीसारख्या रेंडरवर करावं, कारण एकदा केस चढले की सगळ्यांना ते इतके सुंदर दिसतात की आकाराबद्दल कुणी बोलतच नाही.

तिसरी चाचणी हालचालीची, आणि ती वगळू नये. पात्र पापणी मिटतं, बोलतं, मान वळवतं, एवढे तीन तुकडे बनवायचे. स्थिर चित्र पाहून 'छान' म्हणणारा माणूस इथे गप्प होतो. व्यंगचित्राच्या आकाराला खऱ्या माणसाची मोशन कॅप्चर सरळ चढवली की सूक्ष्म थरथर, वजनाची बारीक सरकासरक सगळी येते आणि लाकडी बाहुलीत कुणी शिरल्यासारखं वाटू लागतं. अशा वेळी हालचालही शैलीकृत करावी लागते: पोझ ठळक, मधल्या फ्रेम कमी, थांबे स्पष्ट. आवाजही तपासा. व्यंगचित्राच्या तोंडातून बातमीदारासारखा गंभीर आवाज आला तर तीही एक वेगळी पडलेली ओळच.

चाचणी कुणावर करायची याचंही महत्त्व आहे. ज्यांनी हे पात्र महिनाभर पाहिलं आहे त्यांचे डोळे मेलेले असतात. आणि मूळ पात्राचे चाहतेही पुरेसे नाहीत, कारण ते पहिल्या जातीची तक्रार करतील. एकदाही न पाहिलेल्या चार माणसांना चित्र दाखवा आणि 'आवडलं का' असं विचारू नका. 'नजर कुठे अडकली' एवढंच विचारा. उत्तरं एकाच जागी पडली तर ती जागा बदला.

जिथे हे चालत नाही

सॉनिकला एक मोकळीक होती: तो कुणाचा चेहरा नव्हता. खऱ्या व्यक्तीची प्रतिकृती मागितली जाते तेव्हा, संस्थापकांचं त्रिमिती रूप, दिवंगत नेत्याचा बोलणारा चेहरा, तिथे आकार मनाप्रमाणे ओढता येत नाही. ओढलं तर माणूस ओळखू येत नाही, न ओढलं तर घरचे लोक पहिल्या क्षणी म्हणतात, 'आहेत तेच, पण काहीतरी बिनसलंय.' घरच्यांची नजर इथे सर्वांत कठोर असते, कारण त्यांना चेहऱ्याचे आकारच नाही तर सवयी पाठ असतात: कुठली भुवई आधी वर जाते, हसताना ओठ कुठल्या बाजूला ओढला जातो.

मोरी यांनी निबंधात रचनाकारांना सल्ला दिला होता की दरी ओलांडून पलीकडच्या शिखरावर जायच्या नादी लागू नका, अलीकडच्या शिखरावर थांबा. त्यांनी उदाहरण दिलं ते बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने केलेल्या लाकडी हाताचं. त्याला माणसाच्या कातडीचा रंग नाही, लाकूड लाकडासारखंच दिसतं, आणि तरी बोटांची वळणं सुंदर. तोच मार्ग इथे लागू पडतो. ओळख देणाऱ्या मोठ्या गोष्टी, कवटीचा आकार, केसांची रेषा, नाकाचा कणा, चष्मा, मिशी, बसायची ढब, मापाने अचूक ठेवा. त्वचा मात्र मातीची किंवा लाकडाची करा, छिद्रं नकोत, ओलसर डोळे नकोत, दात दिसतील असं हसू नको. चेहरा कमी बोलवा, मान आणि हात जास्त हलवा.

ग्राहकाला हे पटवणं कठीण जातं, कारण त्याने मनात फोटो धरलेला असतो. मी दोन चित्रं समोर ठेवतो, एक खऱ्या त्वचेचं आणि एक मातीचं, दोन्ही एकाच आकाराची, आणि दोन्ही बोलणारी. निर्णय त्यांनाच करू देतो. हुबेहूब त्वचेचंच हवं असेल तर मग डोळ्यांच्या सूक्ष्म हालचाली, ओठांचा चिकटपणा, जिभेची जागा, दातांवरची सावली, सगळंच तितक्याच पातळीला न्यावं लागेल हे सांगून त्याचा खर्च आणि दिवस कागदावर मांडतो. बहुतेक जाहिरात फितींचं बजेट त्या कागदापाशीच मातीच्या बाजूला झुकतं.